कांदा निसटतो, आवरण हातात राहतं: ओनियन रिंग्ज नीट जमण्यासाठी

ओनियन रिंग्ज करणाऱ्या वाचकांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. रिंग बाहेरून सोनेरी, कुरकुरीत झालेली असते, पण पहिला घास घेतला की आतला कांदा अख्खा ओढला जातो आणि पिठाचं पोकळ कडं हातात राहतं. वणीकरांना हे जास्त खटकतं. इथल्या उपबाजारात कांद्याचे ट्रॅक्टर उभे असतात, घरोघरी खेकडा भजी सहज जमते, मग त्याच कांद्याची रिंग का बिघडावी? पीठ बदलून पाहिलं, सोडा वाढवून पाहिला, तरी फरक पडत नाही, असंही अनेक जण कळवतात.

फरक पडत नाही, कारण दोष सहसा पिठात नसतो. तो कांद्याच्या निवडीत, चकतीच्या जाडीत, पाकळीवरच्या एका पापुद्र्यात आणि तेलाच्या आचेत असतो. त्याच क्रमाने पुढे जाऊ.

कांदा का निसटतो?

खेकडा भजीत कांदा बारीक उभा चिरलेला असतो. मीठ लावल्यावर त्याला पाणी सुटतं, त्या पाण्यातच बेसन भिजतं आणि कांदा व पीठ एकजीव होतात. तिथे वेगळं आवरण नसतंच, म्हणून निसटण्याचा प्रश्न येत नाही. रिंगमध्ये याच्या उलट घडतं. कांद्याची पाकळी अखंड आणि गुळगुळीत राहते, पीठ तिच्यावर फक्त बाहेरून बसतं. ही पकड तीन कारणांनी सुटते:

- पाकळी ओली असते. कांद्यात जवळपास 85 ते 90 टक्के पाणी असतं. कापल्यावर पाकळीवर रस येतो आणि पीठ त्या रसावर तरंगतं, पाकळीला चिकटत नाही.
- पाकळीच्या आतल्या बाजूला चिवट पापुद्रा असतो. शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला कांद्याचा जो पारदर्शक पापुद्रा काढतात, तोच हा. तो दाताने तुटत नाही. दात बसला की तो ताणला जातो आणि पाकळीलाही सोबत ओढतो.
- आवरण आधी शिजतं, कांदा मागे राहतो. तेल फार तापलेलं असेल तर बाहेरचं पीठ मिनिटभरात कडक होतं, आत कांदा कच्चाच असतो. कच्चा कांदा दाताने चटकन कापला जात नाही, म्हणून अख्खा बाहेर येतो.

पुढची प्रत्येक कृती या तीनपैकी एका कारणावरचा उपाय आहे.

कांदा कोणता घ्यावा?

आपल्या भागात वर्षभर एकच कांदा नसतो, आणि रिंगसाठी हा फरक महत्त्वाचा ठरतो.

- उन्हाळ कांदा: मार्च-एप्रिलपासून निघतो आणि चाळीत ठेवला तर पावसाळाभर पुरतो. घट्ट, कमी पाण्याचा असल्याने रिंगसाठी हाच सर्वांत चांगला. चाळीत बरेच महिने राहिलेल्या कांद्याची वरची एखादी पाकळी चामड्यासारखी वातड झालेली असते, तेवढी काढून टाका.
- लाल कांदा: खरिपाचा, दिवाळीच्या आगेमागे येणारा. यात पाणी जास्त असतं. रिंग होते, पण पाकळ्या जास्त काळजीने टिपून कोरड्या कराव्या लागतात.
- रांगडा: हिवाळ्याच्या उत्तरार्धात येतो. रिंगसाठी या दोघांच्या मधला.

आकार साधारण 6 ते 7 सेंटिमीटर व्यासाचा निवडा. गोल्टीच्या रिंग्ज फार लहान होतात आणि त्यांच्या पाकळ्याही पातळ असतात. ढिगातून निवडताना दोन प्रकारचे कांदे बाजूला ठेवा. एक जोड कांदा: तो दोन्ही बाजूंनी फुगीर, मध्ये किंचित दबलेला दिसतो. आत दोन गाभे असल्याने पूर्ण गोल कडी फक्त वरच्या एक-दोन पाकळ्यांचीच मिळते. दुसरा डेंगळा: त्याची मान जाड असते आणि मधून फुलाचा दांडा गेलेला असतो, त्यामुळे मधला भाग वाया जातो. मान बारीक, सुकलेली आणि कांदा दाबल्यावर टणक, अशी जोडी जमली की तो घ्या.

जाडी किती? आधी दोन जाड्या वेगळ्या समजून घ्या

‘रिंग किती जाड कापू?’ या प्रश्नात दोन मापं मिसळलेली असतात. एक चकतीची उंची, म्हणजे सुरीने किती अंतरावर कापता ती. दुसरी पाकळीची जाडी. ही कांद्याची स्वतःची असते, ती तुम्ही ठरवू शकत नाही, फक्त निवडू शकता.

चकतीची उंची 8 ते 10 मिलिमीटर ठेवा. करंगळीच्या नखाची रुंदी साधारण एवढीच भरते. 5 मिलिमीटरपेक्षा बारीक चकतीची रिंग पिठाच्या वजनाने वाकते, कढईत तुटते आणि खाताना पीठच जास्त लागतं. 12 मिलिमीटरच्या वर गेलात तर रिंग भरदार दिसते, पण दाताला एकदम मोठा, अर्धवट शिजलेला कांदा लागतो आणि निसटण्याची शक्यता वाढते.

पाकळी 3 ते 4 मिलिमीटर जाडीची असावी. अशा पाकळ्या कांद्याच्या बाहेरच्या दोन-तीन थरांतच मिळतात. आतल्या पाकळ्या लहान आणि पातळ होत जातात. त्या खेकडा भजीसाठी ठेवा, रिंगमध्ये जबरदस्तीने वापरू नका. दोन पाकळ्या एकत्र ठेवून जाड रिंग करण्याचा मोहही टाळा. त्यांच्यामध्ये पापुद्रा आणि रस दोन्ही अडकतात, पीठ तिथपर्यंत पोचत नाही, आणि आतली पाकळी बाहेरच्या पाकळीतून सुटते.

कापताना कांदा आडवा धरा, म्हणजे देठ एका हाताला आणि मूळ दुसऱ्या हाताला येईल. दोन्ही टोकांचा साधारण एक-एक सेंटिमीटर भाग बाजूला करा आणि मधल्या भागाच्या चकत्या पाडा. सुरी धारदार हवी. बोथट सुरी पाकळी चिरडते आणि रस जास्त सुटतो.

पापुद्रा काढणं: वगळली जाते तीच पायरी

चकती कापल्यावर अंगठ्याने मधून हलकेच दाबा, पाकळ्या सुट्या होतील. आता प्रत्येक रिंगच्या आतल्या बाजूकडे पाहा. कडेला नखाने किंचित खरवडलं की पारदर्शक पापुद्रा सुटतो. तो चिमटीत धरून रिंगच्या कडेकडेने ओढा. ताजा, रसदार कांदा असेल तर तो बहुधा एका दमात येतो. चाळीतल्या कांद्याचा तुकड्यातुकड्याने निघतो. थोडा राहिला तरी चालेल, पण निम्म्याहून अधिक निघायला हवा.

पापुद्रा निघतच नसेल तर फ्रीजरची मदत घ्या:

1. चकत्या सुट्या न करता पिशवीत भरून फ्रीजरमध्ये तासभर ठेवा.
2. बाहेर काढून साध्या पाण्यात पाचेक मिनिटं घाला.
3. पाकळ्या सुट्या करा. पापुद्रा आता बोटाने सरकतो.
4. सुती फडक्यावर पसरून दोन्ही बाजूंनी टिपा.

गोठताना पाकळीतल्या पाण्याचे बर्फाचे कण पेशी फोडतात, म्हणून पापुद्रा सैल होतो. दुसरा फायदा त्याहून मोठा आहे: कांदा तळण्याआधीच थोडा मऊ पडतो, आणि मऊ कांदा दाताखाली लगेच कापला जातो. अडचण एवढीच की अशा पाकळीला पाणी भरपूर सुटतं. नीट टिपली नाही तर सगळा फायदा निघून जातो. पाणीदार लाल कांदा तासभर गोठवला तर लिबलिबीत होतो, त्याचा पापुद्रा हातानेच काढा.

कांद्याला मीठ लावू नका. खेकडा भजीची ही सवय इथे घातक ठरते. मीठ रस बाहेर काढतं आणि आवरण सुटतं. मीठ पिठात घाला, किंवा तळून झाल्यावर वरून भुरभुरवा.

कोरडं पीठ आधी, मग आवरण

टिपलेल्या रिंग्ज मैद्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवा आणि प्रत्येक रिंग झटका. पीठ दिसेल न दिसेल एवढाच थर हवा. हे कोरडं पीठ पाकळीवरचा उरलासुरला ओलावा शोषून घेतं आणि वरच्या आवरणाला धरायला खरखरीत जागा देतं. जास्तीचं पीठ झटकलं नाही तर तेच कोरडं राहून आवरण आणि कांदा यांच्यात फट पाडतं. घोळवलेल्या रिंग्ज दहा मिनिटांत वापरा, नाहीतर पीठ ओलं होऊन गठ्ठे बनतात.

भज्यासारखं पीठ की ब्रेडचा चुरा?

दोन्ही चांगले, पण दोघांचं काम वेगळं आहे. ताटात लगेच वाढणार असाल तर पीठ घ्या. पाहुणे यायचे आहेत, थोडं आधी तयार करून ठेवायचं आहे, तर चुरा घ्या.

1. मैद्याचं पीठ

- मैदा 100 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाचं पीठ 25 ग्रॅम
- बेकिंग पावडर अर्धा चमचा, मीठ, तिखट चवीप्रमाणे
- फ्रीजमधलं गार सोडावॉटर सुमारे 150 मिलिलिटर

सगळं कोरडं मिसळून शेवटी सोडावॉटर घाला आणि चमच्याने मोजके फेरे द्या. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतील. जास्त फेटलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि आवरण कुरकुरीत न होता वातड होतं. सोडावॉटरचे बुडबुडे पंधरा-वीस मिनिटांत जातात, म्हणून तेल तापल्यावरच पीठ कालवा. पिठाचा सैलपणा असा तपासा: चमच्याची पाठ बुडवून काढा आणि बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली तर पीठ बरोबर आहे. लगेच मिटली तर चमचाभर मैदा वाढवा.

2. बेसनाचं पीठ

बेसन 100 ग्रॅम, तांदळाचं पीठ 25 ग्रॅम आणि पाणी 110 ते 120 मिलिलिटर. पाणी थोडं थोडं घाला, कारण प्रत्येक गिरणीचं बेसन सारखं पाणी पीत नाही. बेसनाला मैद्यासारखा चिवटपणा येत नाही, त्यामुळे ते निर्धास्त फेटता येतं. खाण्याचा सोडा चिमूटभराहून जास्त नको. जास्त सोड्याने आवरण तेल पितं आणि लालसर-तपकिरी होतं. बेसन मैद्यापेक्षा लवकर रंग धरतं, म्हणून आच थोडी कमी ठेवावी लागते.

3. ब्रेडचा चुरा

यासाठी तीन ताटल्या मांडा: पहिलीत कोरडा मैदा, दुसरीत पातळ घोळ, तिसरीत चुरा. घोळासाठी मैदा 60 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 20 ग्रॅम आणि पाणी सुमारे 120 मिलिलिटर. खाणाऱ्यांना चालत असेल तर घोळाऐवजी फेटलेलं अंडं घ्या, त्याची पकड आणखी पक्की असते. चुरा शिळ्या ब्रेडचा किंवा टोस्टचा, पूर्ण कोरडा हवा. फार बारीक केला तर आवरण कडक होतं. रव्यापेक्षा किंचित जाडसर ठेवा.

चुऱ्यात रिंग ठेवून वरून हाताने दाबा, नुसती लोळवू नका. मग तयार रिंग्ज ताटात सुट्या मांडून वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. या वेळात घोळातलं पाणी पिठात आणि चुऱ्यात मुरतं आणि तिन्ही थर एकमेकांना धरतात. ही वीस मिनिटं वाचवली की चुरा कढईत सुटतो, तळाशी जळतो आणि पुढच्या घाण्याला काळे ठिपके येतात.

तेलाची आच

कढईत किमान दोन इंच तेल हवं. आठ इंची कढईला साधारण एक लिटर लागतं. शेंगदाणा तेल किंवा रिफाइंड सोयाबीन, दोन्ही चालतात. आच अशी ठेवा:

- मैद्याचं पीठ: 175 ते 180 अंश सेल्सिअस, अडीच ते तीन मिनिटं
- बेसन: 165 ते 170 अंश, तीन मिनिटांच्या आसपास
- ब्रेडचा चुरा: 170 ते 175 अंश, अडीच मिनिटं

तापमापक नसेल तर पिठाचा थेंब टाकून पाहा. थेंब तळाशी बसून सावकाश वर आला तर तेल अजून गार आहे. थोडा बुडून लगेच वर आला आणि भोवती भरपूर बुडबुडे उठले तर तेल तयार आहे. थेंब बुडलाच नाही आणि वरच लालसर होऊ लागला तर तेल जास्त तापलंय. अशा वेळी गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा.

एका घाण्यात चार-पाचच रिंग्ज सोडा. कांद्यातल्या पाण्याची वाफ होताना तेलाची उष्णता झपाट्याने खर्च होते. दहा रिंग्ज एकदम सोडल्या तर तेल इतकं उतरतं की पीठ सेट होण्याआधीच विरघळून सुटतं. रिंग्ज सोडल्यावर आच वाढवा, बुडबुडे जोरात उठू लागले की मध्यम करा. रिंग वरून फेकू नका, तेलाच्या पृष्ठभागापर्यंत नेऊन हलकेच सोडा. पहिली तीस सेकंद झारा लावू नका, तेवढ्यात आवरण पक्कं होतं. नंतर एकदाच उलटा.

रिंग झाली हे रंगाबरोबर आवाजावरूनही ओळखा. सुरुवातीचा खळखळाट मंदावला, बुडबुडे बारीक आणि विरळ झाले, म्हणजे आवरणातलं पाणी निघून गेलं. खळखळाट चालू असतानाच काढलेली रिंग ताटात मऊ पडते.

एक घाणा हिशेबाने

सहा-साडेसहा सेंटिमीटरचे चार उन्हाळ कांदे घेतले, वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर. टोकं काढून प्रत्येकाच्या 9 मिलिमीटरच्या चार चकत्या निघाल्या, म्हणजे एकूण सोळा. प्रत्येक चकतीच्या बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या घेतल्या, तर 35 ते 40 रिंग्ज मिळतात. मधला गाभा आणि टोकं मिळून 200 ग्रॅमच्या आसपास कांदा उरतो, त्याची खेकडा भजी करा. वर दिलेलं मैद्याचं पीठ एवढ्या रिंग्जना पुरतं. पाच-पाच रिंग्जचे आठ घाणे होतात, आणि मध्ये तेल पुन्हा तापायला दिलेला वेळ धरून तळणीला अर्धा तास लागतो.

सगळ्या रिंग्ज पिठात बुडवण्याआधी एकच तळा आणि मोडून पाहा. कांदा आणि आवरण एकत्र तुटलं तर पुढे चला. नाही तुटलं, तर दोष असा ओळखा:

- कांदा अख्खा ओढला जातो, त्याला पापुद्रा लोंबतो: पापुद्रा काढायचा राहिला आहे. उरलेल्या रिंग्ज पुन्हा तपासा.
- कांदा करकरीत कच्चा आहे, आवरण मात्र गडद: तेल जास्त तापलं होतं. आच दहा अंश उतरवा आणि अर्धा मिनिट जास्त तळा.
- आवरणात मोठी पोकळी, आत ओलसर पीठ: पाकळी ओली होती किंवा कोरडं पीठ झटकलं नव्हतं.
- आवरण तेलकट, रिंगवरून जागोजागी सुटलेलं: तेल गार होतं किंवा कढईत गर्दी झाली होती.
- आवरण जाड आणि पावासारखं: पीठ घट्ट आहे. चमचा-दीड चमचा सोडावॉटर घाला.

तळल्यावर आणि विकत घेताना

रिंग्ज जाळीवर काढा. ताटात एकावर एक रचल्या किंवा झाकण ठेवलं तर वाफेने दहा मिनिटांत नरमतात. वर्तमानपत्रावर निथळवू नका. छपाईची शाई तेलात उतरते, आणि खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळायला अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या पॅकेजिंग नियमांनुसार मनाई आहे. गाड्यावर कोणी कागदात देत असेल, तर डिशमध्ये मागण्याचा हक्क तुम्हाला आहे.

तळणीचं तेल गार झाल्यावर सुती कापडातून गाळा. चुऱ्याच्या रिंग्ज केल्या असतील तर घाणे चालू असतानाही मधूनमधून झाऱ्याने जळका चुरा काढत राहा. गाळलेलं तेल पुढच्या दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा. त्यावर फेस येऊन टिकत असेल, ते चिकट झालं असेल किंवा नेहमीच्या आचेआधीच धूर येत असेल तर टाकून द्या. त्यात नवं तेल मिसळून ते पुन्हा चांगलं होत नाही. तुम्ही स्वतः स्टॉल लावत असाल तर हेही लक्षात ठेवा की 1 जुलै 2018 पासून तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांची मर्यादा 25 टक्के ठरलेली आहे. त्यापुढे गेलेलं तेल खाद्यपदार्थासाठी वापरता येत नाही. ओनियन रिंग्जमध्ये कांद्याचं पाणी आणि सुटलेला चुरा दोन्ही तेलात जातात, म्हणून फक्त पुऱ्या तळलेल्या तेलापेक्षा हे तेल लवकर खराब होतं. तेल बदलण्याचा खर्च रिंग्जच्या दरात आधीच धरून ठेवा.